पाच नऊंचा हिशेब

(विद्यानगर, हैदराबाद येथील मराठी भाषक नागरिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूरध्वनी, इंटरनेट किंवा संगणक केंद्र यांची सेवा पुरविणाऱ्यांच्या करारपत्रांत एक आकडा हमखास आढळतो. कोठे तो ९९ टक्के असतो, कोठे ९९.९ टक्के, तर कोठे ९९.९९९ टक्के. या शेवटच्या आकड्यात नऊ हा अंक पाच वेळा येत असल्यामुळे तंत्रज्ञ मंडळी त्याला ‘पाच नऊ’ असे सुटसुटीत नाव देतात. सेवा वर्षातील किती काळ चालू राहील याचे हे प्रमाण होय आणि शास्त्रीय परिभाषेत त्याला उपलब्धता असे म्हणतात. ९९ आणि ९९.९९९ यांत वरवर पाहता एका टक्क्याचेही अंतर नाही. परंतु चालू काळाऐवजी बंद काळ मोजला म्हणजे हे अंतर किती मोठे आहे ते ध्यानात येते.

वर्षाचे तास ८,७६० आणि मिनिटे ५,२५,६००. उपलब्धता ९९ टक्के असेल तर सेवा वर्षात ८७ तास ३६ मिनिटे, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहू शकते. ९९.९ टक्क्यांना हाच काळ पावणेनऊ तासांवर येतो, ९९.९९ टक्क्यांना साडेबावन्न मिनिटांवर आणि पाच नऊंना अवघ्या सव्वापाच मिनिटांवर. एकेक नऊ वाढला की बंद काळ दहापटीने आक्रसतो. अर्थात प्रत्येक नवा नऊ आधीच्या नऊपेक्षा कितीतरी महाग पडतो, हेही ओघानेच आले.

ही कल्पना टेलिफोन एक्स्चेंजच्या परंपरेतून आली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सकासुना या गावी १९६५ मध्ये बेल कंपनीचे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. चाळीस वर्षांत सर्व मिळून दोन तासांपेक्षा अधिक काळ ते बंद पडू नये, असे उद्दिष्ट त्याच्या रचनाकारांनी ठरविले होते. वर्षाला सरासरी तीन मिनिटे, म्हणजे पाच नऊंच्याही किंचित पुढची ही मजल. ती गाठण्यासाठी त्यांनी एक्स्चेंजचा मेंदू दुहेरी ठेवला. दोन्ही मेंदू एकच काम एकाच वेळी करीत आणि त्यांची उत्तरे परस्परांशी ताडून पाहिली जात. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. हे उद्दिष्ट एक्स्चेंजच्या यंत्राचे होते. एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या घरापर्यंत गेलेली तार, तिचे खांब आणि घरातील उपकरण यांचा त्यात समावेश नव्हता. अनेक साखळ्यांचा हिशेब पुढे चुकतो तो नेमका याच ठिकाणी.

शाळेत विजेचे परिपथ शिकताना एकसर जोडणी आणि समांतर जोडणी हे शब्द प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असतात. येथेही तेच शब्द उपयोगी पडतात. विद्यानगरहून नांदेडला रेल्वेने जाण्याचे उदाहरण घेऊ. येथून सीताफळमंडी, तेथून मलकाजगिरी, मग मेडचल, कामारेड्डी, निजामाबाद, बासर, मुदखेड आणि नांदेड. ही झाली एकसर जोडणी. यांतील एक तुकडा जरी खंडित झाला तरी बाकीचे सर्व तुकडे धडधाकट असूनही गाडी नांदेडला पोहोचत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस कामारेड्डी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. भिकनूर आणि तळमडला या स्थानकांच्या टापूत लोहमार्गाचे नुकसान झाले. या मार्गावरील गाड्या रद्द कराव्या लागल्या, तर काही वळवाव्या लागल्या. मलकाजगिरी किंवा मुदखेड येथील मार्ग शाबूत असला तरी त्याचा उपयोग नव्हता.

एकसर जोडणीचा नियम असा की प्रत्येक तुकड्याच्या उपलब्धतांचा गुणाकार करावा. प्रत्येक तुकडा शंभरापैकी नव्याण्णव दिवस चालू असेल आणि असे पाच तुकडे एकामागून एक असतील, तर पूर्ण मार्ग चालू असण्याचे प्रमाण सुमारे ९५ टक्के उरते. तुकडे वाढले की उपलब्धता घटत जाते आणि संपूर्ण साखळी आपल्या सर्वांत कच्च्या कडीहूनही कच्ची ठरते. पाच नऊंची दहा यंत्रे एकापुढे एक मांडली तर साखळीला चारच नऊ मिळतात.

आता दुसरा मार्ग पाहावा. सिकंदराबादहून विकाराबाद, बिदर, उदगीर, लातूर रोड, परळी, परभणी आणि तेथून पूर्णेमार्गे नांदेड. लांबचा खरा, पण आहे. पहिला मार्ग बंद असताना दुसरा चालू असेल तर प्रवासी पोहोचतो. ही समांतर जोडणी. तिच्यात चालू काळाचा नव्हे, तर बंद काळाचा गुणाकार करावयाचा असतो. समजा, प्रत्येक मार्ग शंभर दिवसांतून एक दिवस बंद असतो. दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याचा संभव शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार दिवसांत एक. दोन सामान्य मार्ग एकत्र आले आणि दोन नऊंचे चार नऊ झाले. या हिशेबाची मोहिनी मोठी आहे आणि बहुतेक योजनापत्रे याच पायरीवर थांबतात. परंतु विद्यानगरच्या प्रवाशाला कोणत्याही मार्गाने जावयाचे तरी विद्यानगर ते सीताफळमंडी हा लहानसा तुकडा टळत नाही. तो सामाईक तुकडा एकसर जोडणीतच राहतो आणि पुढे कितीही मार्ग फुटले तरी त्याच्यापेक्षा अधिक उपलब्धता कोणालाही मिळत नाही.

येथे बसलेल्या अनेकांची गावे नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत आहेत. गावचा सातबारा, शाळेचा दाखला, निवृत्तिवेतनाचा अर्ज ही कामे आता ग्रामपंचायतीतील संगणकावरून होतात आणि तो संगणक जगाशी जोडलेला असतो तो बहुधा काचेच्या बारीक तंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने. ग्रामपंचायतींपर्यंत ही केबल नेण्याच्या योजनेला केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. पहिल्या टप्प्यातील रचना झाडाच्या फांद्यांसारखी होती. तालुक्याच्या ठिकाणी मुख्य यंत्र, तेथून निघालेली केबल, वाटेत प्रकाशाची वाटणी करणारा विभाजक आणि शेवटी ग्रामपंचायतीतील पेटी. प्रत्येक गावाला एकच वाट. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. त्यात २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती वलयाकार रचनेने जोडण्याचे ठरले. वलय म्हणजे तालुक्याहून निघून गावोगाव फिरत पुन्हा तालुक्याला येऊन मिळणारी केबल. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचावा, हा हेतू. बदल योग्य दिशेचा आहे यात शंका नाही. मात्र वलयापासून नेमका किती लाभ होतो, हे आकडे मांडून पाहण्यासारखे आहे.

देगलूर तालुक्यातील एक गाव डोळ्यांसमोर आणावे. पुढील आकडे कोणत्याही अहवालातील नाहीत. हिशेबाच्या सोयीसाठी ते गृहीत धरलेले आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या गावच्या नोंदींप्रमाणे ते बदलून घ्यावेत. तालुक्याचे यंत्र ९९.९ टक्के काळ चालू असते. केबल वर्षातून चार वेळा तुटते आणि दर वेळी दुरुस्तीस २२ तास लागतात. हे झाले ८८ तास, म्हणजे वर्षाचा जवळजवळ एक टक्का. अर्थात केबलची उपलब्धता ९९ टक्के. ग्रामपंचायतीतील पेटी ९९.८ टक्के चालते. आणि गावची वीज, तेथील जुनी झालेली बॅटरी धरूनसुद्धा, ९८ टक्के काळ मिळते. एकच वाट असल्यामुळे चारही घटक एकसर आहेत. त्यांचा गुणाकार येतो ९६.७३ टक्के. म्हणजे वर्षात सुमारे २८६ तास, बारा दिवसांच्या आसपास, संगणक जगापासून तुटलेला राहतो. चारही आकडे पाहताना कोणताच फारसा वाईट वाटत नाही. गुणाकार मात्र वाईट आहे.

आता या गावाला वलय मिळाले. दोन वाटा, प्रत्येक ९९ टक्क्यांची. समांतर जोडणीच्या नियमाने केबलची उपलब्धता ९९.९९ टक्के झाली. वर्षाचे ८८ तास जाऊन तेथे जेमतेम ५३ मिनिटे राहिली. हा विजय समजून पुन्हा गुणाकार केला तर एकूण उपलब्धता येते ९७.७ टक्के आणि बंद काळ सुमारे २०२ तास. कमी झाले ते ८४ तास. उरलेल्या २०२ तासांपैकी सुमारे १७५ तास विजेचे आहेत आणि वलयाने विजेला स्पर्शही केलेला नाही. याउलट वलय न करता केवळ चांगली बॅटरी बसविली, तिची निगा राखली आणि वीज ९९.९ टक्क्यांवर आणली, तर एकाच वाटेच्या केबलवरही बंद काळ सुमारे १२२ तासांवर येतो. कोट्यवधींच्या केबलपेक्षा एका बॅटरीने अधिक तास वाचविले. कच्ची कडी कोणती हे न पाहता मजबूत कडी दुप्पट केली की असे होते.

पण वलयाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. वर दोन वाटा ९९ टक्क्यांच्या धरल्या त्या केवळ केबलपुरत्या. वलयात संदेश गावागावांतील यंत्रांतून पुढे ढकलला जातो. जुन्या फांद्यांच्या रचनेत वाटेतील विभाजकाला वीज लागत नव्हती, कारण तो केवळ काचेचा जोड होता. वलयातील प्रत्येक गावचे यंत्र मात्र जिवंत असावे लागते. ते विजेअभावी निजले की त्या ठिकाणी वलय तुटले. म्हणजे शेजारच्या गावची वीज आता या गावच्या साखळीतील कडी झाली.

समजा, वलयात आठ गावे आहेत. या गावच्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला चार. प्रत्येक गावचे यंत्र व वीज मिळून उपलब्धता ९७.८ टक्के. तीन गावांतून जाणारी वाट केबलसह ९२.६ टक्क्यांवर येते आणि चार गावांतून जाणारी ९०.६ टक्क्यांवर. या दोहोंच्या समांतर जोडणीची उपलब्धता ९९.३ टक्के. कागदावरचे ९९.९९ येथे विरघळून गेले. एकूण हिशेबात बंद काळ येतो सुमारे २६० तास. एकेरी केबलचे २८६ तास होते, हे येथे आठवावे. एवढा खर्च, एवढे खोदकाम आणि लाभ २६ तासांचा. त्यातही आठही गावे एकाच विद्युत वाहिनीवर असतील तर एकाच वेळी सर्वांची वीज जाते, एकाच सुमारास सर्वांच्या बॅटऱ्या संपतात आणि मग गुणाकाराचा नियमच लागू पडत नाही.

आता याच वलयातील प्रत्येक गावी चांगली बॅटरी असून वीज ९९.९ टक्के मिळते असे धरा. मग बंद काळ २६० तासांवरून थेट ३९ तासांवर उतरतो. वलय आणि बॅटरी एकमेकींना पूरक आहेत, पण त्यांचा क्रम उलटा चालत नाही. बॅटरीवाचून वलय जवळजवळ निष्फळ आणि बॅटरीसह तेच वलय फलदायी. सुधारित कार्यक्रमात विजेच्या राखीव सोयीचाही विचार आहे, तो याच कारणाने.

समांतर जोडणीच्या गुणाकारामागे एक अट दडलेली आहे. दोन्ही वाटा परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. एकीच्या तुटण्याचा दुसरीशी काही संबंध नसावा. प्रत्यक्षात काय आढळते? वलयाच्या दोन बाजू नकाशावर लांब-लांब दिसतात, पण तालुक्याच्या गावात शिरताना शेवटचा अर्धा किलोमीटर एकाच चरातून जातात. नदीवर पूल एकच असतो आणि दोन्ही केबली त्याच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या लोखंडी नळीतून जातात. रस्ता रुंद करणारे यंत्र किंवा नळपाणी योजनेचा चर खोदणारा माणूस अशा ठिकाणी दोन्ही केबली एका घावात तोडतो. पूर आला तर नळीसह दोन्ही वाहून जातात.

याचाही हिशेब मांडता येतो. प्रत्येक वाटेच्या एक टक्का बंद काळापैकी केवळ दहावा भाग अशा सामाईक कारणांचा आहे असे माना. मग दोन्ही वाटा एकदम बंद असण्याचा काळ ५३ मिनिटे राहत नाही, तो सुमारे साडेनऊ तास होतो. नव्वद टक्के कारणे स्वतंत्र असूनही लाभाचा बहुतेक भाग उरलेल्या दहा टक्क्यांनी खाल्ला. तिसरी केबल त्याच पुलावरून नेली तर या साडेनऊ तासांत नाव घेण्याजोगा फरक पडणार नाही. ज्या अभियंत्याला खरोखरीच नऊ वाढवावयाचे आहेत त्याने केबलींची संख्या मोजू नये. नकाशा घेऊन प्रत्यक्ष चालावे आणि दोन वाटा कोठे कोठे एकमेकींना भेटतात त्या जागांवर खुणा कराव्यात. सेवा दोन वेगळ्या कंपन्यांची घेतली म्हणजे वाटा वेगळ्या झाल्या, असेही समजू नये. दोन्ही कंपन्यांनी एकाच मालकाच्या केबलमधील तंतू भाड्याने घेतलेले असू शकतात.

यानंतर एक अशी बाब येते की जिची तक्रार कोणीच करीत नाही. एकेरी केबल तुटली की ग्रामसेवकाचा दूरध्वनी लगेच खणखणतो. वलयाची एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने सेवा चालूच राहते आणि कोणालाही काही कळत नाही. दाखले निघत असतात, शाळेत चित्रफीत चालत असते. वलय मात्र त्या क्षणापासून वलय राहिलेले नसते. ते पुन्हा एकेरी केबल झालेले असते.

पूर्वीचेच आकडे घ्या, पण विजेचा प्रश्न बाजूला ठेवून फक्त केबलकडे पाहा. प्रत्येक बाजू वर्षातून चार वेळा तुटते. पहिली तूट २२ तासांत सांधली गेली, तर तेवढ्या अवधीत दुसरी बाजू तुटण्याचा संभव शंभरात एक इतका अल्प आहे. दोन्ही बाजू मिळून वर्षात आठ तुटी धरल्या तरी गाव पूर्णपणे तुटण्याची पाळी बारा वर्षांतून एखाद्या वेळी येईल. परंतु सेवा चालू आहे म्हणून पहिली तूट पंधरा दिवस तशीच राहिली, तर त्या पंधरवड्यात दुसरी बाजू तुटण्याचा संभव साधारण सहात एक होतो. मग सरासरीने दर वर्षी एकदा गाव पूर्णपणे तुटते आणि दुरुस्तीचे २२ तास अंधारात काढते. केबल तीच, चर तोच, माणसेही तीच. बारा वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट दर वर्षी घडू लागली ती केवळ पहिल्या तुटीची दुरुस्ती रेंगाळल्यामुळे. म्हणूनच वलयाच्या कामात गावच्या तक्रारीवर विसंबून चालत नाही. प्रत्येक बाजूवर स्वतंत्र पहारा ठेवणारे यंत्र लागते आणि त्याने दिलेल्या सूचनेला, सेवा चालू असतानाही, बंद सेवेइतकेच तातडीचे मानावे लागते.

दुरुस्तीचे २२ तास जातात तरी कोठे, असा प्रश्न सुज्ञ श्रोत्यांच्या मनात आला असेल. काचेचे तंतू यंत्राने वितळवून सांधण्याचे काम तासा-दोन तासांचे असते. बाकीचा वेळ कळण्यात, पोहोचण्यात आणि जागा शोधण्यात जातो. सायंकाळी सात वाजता तुटलेली केबल सकाळी दहाला कार्यालय उघडल्यावर लक्षात आली, तर पंधरा तास तेथेच गेले. जागा शोधण्याचे यंत्र केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडते आणि तुटलेल्या टोकावरून परतणारा प्रतिध्वनी मोजते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा किलोमीटरवर तूट असेल तर प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परत येतो. पण यंत्र केबलची लांबी सांगते, रस्त्याची नव्हे. जागोजागी खड्ड्यांत केबलची जादा वेटोळी ठेवलेली असतात. त्यांची नोंद जुन्या कागदांत नसेल तर कामगार तुटीच्या पुढे शे-दोनशे मीटर जाऊन खणीत बसतात. ही वेटोळी नकाशात व्यवस्थित लिहून ठेवणे हे नवी केबल टाकण्याइतके दिसणारे काम नाही, परंतु प्रत्येक तुटीमागे काही तास ते वाचविते. आणि उपलब्धतेच्या हिशेबात तूट अर्ध्याने कमी होणे व दुरुस्तीचा काळ अर्ध्यावर येणे यांचे मोल अगदी सारखे आहे.

गावातील शिक्षकाला अथवा ग्रामसेवकाला हा हिशेब स्वतः तपासता येईल काय? येईल, आणि त्यास यंत्राची गरज नाही. एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: सेवा कधी बंद पडली, कधी सुरू झाली आणि त्या वेळी वीज होती की नाही. सहा महिन्यांच्या नोंदीत बहुतेक बंद काळ वीज नसतानाचा निघाला तर दोष केबलचा नाही, बॅटरीचा आहे, हे पत्र लिहिण्यापूर्वीच कळेल. तालुक्याच्या अधिकाऱ्याला याहून पुढे जाता येते. वलयाच्या दोन्ही बाजूंच्या बंद काळाची नोंद त्याच्याजवळ असते. प्रत्येक बाजू वर्षात ८८ तास बंद असेल आणि त्या खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ सरासरीने वर्षाला तासाभराहून कमी भरावा. पाच वर्षांत मिळून तो साडेचार तासांच्या घरात असावयास हवा. नोंदीत त्याऐवजी तीस-चाळीस तास आढळले तर दोन बाजूंना जोडणारा एखादा चर, पूल किंवा विजेचा धागा कोठेतरी आहे असे खुशाल समजावे आणि त्याचा शोध सुरू करावा.

करारपत्र हाती आले तर त्यातील आकड्याच्या आजूबाजूची बारीक अक्षरे आधी वाचावीत. उपलब्धता महिन्यावर मोजली आहे की वर्षावर? ९९.९ टक्के महिन्यावर असेल तर तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटांपलीकडे बंद राहता येत नाही. वर्षावर असेल तर पावणेनऊ तासांचा सगळा बंद काळ एकाच दिवशी, ऐन परीक्षेच्या दिवशीही, येऊ शकतो आणि करार तरीही पाळला गेला असे होते. पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती बंद काळात धरली आहे की वगळली आहे? ग्राहकाच्या जागेतील वीज गेल्यामुळे सेवा बंद पडली तर ती कोणाच्या खाती? बहुतेक ठिकाणी ती पुरवठादाराच्या खाती नसते. वरच्या उदाहरणातील गावाचे बहुतेक तास नेमके तेच होते. म्हणजे पुरवठादार आपल्या वाट्याचे ९९ टक्के प्रामाणिकपणे दाखवील, त्याच वर्षी ग्रामपंचायतीचा संगणक बारा दिवस मुका राहिलेला असेल आणि दोघांच्याही नोंदवह्या खऱ्या असतील. पुरवठादाराने मोजले ते तालुक्याच्या यंत्रापासून गावच्या पेटीच्या तोंडापर्यंत आणि दाखला मागणाऱ्या माणसाने मोजले ते संगणकासमोरच्या खिडकीपाशी.